पित्ताशयाच्या ऑपरेशनचा संमतीपत्राचा फॉर्म मराठीत कसा करावा

आत्याचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस होता. खुर्चीत बसून पेज खाता खाता तिने विचारलं, "खडे काढले ते बरं झालं. पण पिशवी तशीच ठेवलीय ना गं?"

पिशवी काढली होती. तेच ऑपरेशन होतं. आणि फॉर्म मीच मराठीत करून तिला वाचून दाखवला होता.

मी मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे आपलं मराठी चोख आहे अशा तोऱ्यात मी तो फॉर्म एका रात्रीत उतरवला होता. व्याकरण बिनचूक होतं, शुद्धलेखनाची एक चूक नव्हती, आणि आत्याला आपल्या शरीरातून काय जाणार आहे एवढंही कळलं नव्हतं. त्यानंतर ओळखीतल्या आणखी काही जणांचे फॉर्म केले, एका सर्जनबाईंबरोबर बसून त्यांच्या दवाखान्याचा मराठी फॉर्मही तयार केला. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते. उदाहरण एकच घेतलं आहे: दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन, ज्याला दवाखान्यात सगळे "लॅप कोले" म्हणतात.

## सुरुवातीला हाताशी काय हवं

- मूळ इंग्रजी फॉर्मची स्वच्छ प्रत, मागच्या पानासकट. बारीक छपाई बहुधा मागेच असते.
- सोनोग्राफीचा रिपोर्ट. खडे किती, केवढे, मुख्य नळीत काही आहे का, हे त्यात असतं.
- भुलेच्या डॉक्टरांनी केलेल्या तपासणीचा कागद.
- सर्जनची पंधरा मिनिटं. फोनवर मिळाली तरी चालतील.
- वैद्यकाशी संबंध नसलेली, मराठी नीट वाचणारी दोन माणसं. त्यांतल्या एकाला इंग्रजीही चांगलं यायला हवं.

## १. फॉर्म आदल्या आठवड्यात मागून घ्या

ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये भुलेच्या तपासणीला, म्हणजे बहुतेक लोक ज्याला "फिटनेस" म्हणतात त्याला, काही दिवस आधी बोलावतात. त्याच दिवशी काउंटरवर कोरा फॉर्म मागा. "ॲडमिट झाल्यावर सही करायचीच आहे, आत्ता कशाला?" असं उत्तर मिळेल. "घरी वाचायचा आहे, मराठीत करून घ्यायचा आहे," असं सरळ सांगा. दवाखान्याकडे स्वतःचा मराठी फॉर्म आहे का, हेही आधी विचारा. रुग्णालयांच्या दर्जासाठी दिल्या जाणाऱ्या एनएबीएच मानांकनाच्या निकषांत संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी असं स्पष्ट म्हटलं आहे, त्यामुळे मानांकन असलेल्या ठिकाणी तो बहुधा असतो. तो असला तरी पुढच्या पायऱ्यांनी तपासून घ्या. मी पाहिलेला एक छापील मराठी फॉर्म मूळ इंग्रजीपेक्षा अवघड होता.

ऑपरेशनच्या सकाळी, हिरवा गाऊन घातल्यावर वाचलेलं काही डोक्यात शिरत नाही. झोपेची गोळी दिल्यानंतर तर फॉर्म पुढे करूच नये.

## २. ऑपरेशनच्या नावावर सगळ्यात जास्त वेळ घालवा

माझी चूक इथे झाली. फॉर्मवर इंग्रजीत नाव होतं, मी लिहिलं: "पित्ताशयातील खड्यांची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया". वाचायला छान वाटतं, अर्थ मात्र बदलला. मूळ शब्दात "काढून टाकणे" हे आहे आणि जे काढायचं ते खडे नव्हेत, पित्ताशय आहे. मूतखड्याचं ऑपरेशन घरोघरी माहीत असतं. तिथे खडा फोडतात, काढतात, किडनी जागेवर राहते. "खडे" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात तेच चित्र येतं.

मग "पिशवी काढणे" लिहावं का? नुसतं "पिशवी" लिहू नका. आपल्याकडे बायका "पिशवी काढली" म्हणतात ते गर्भाशयाबद्दल. पन्नाशीच्या बाईला नुसतं "पिशवी काढणार" सांगितलं तर ती भलत्याच काळजीत पडेल, किंवा "माझी तर दहा वर्षांपूर्वीच काढली" म्हणून गोंधळेल. प्रत्येक वेळी "पित्ताची पिशवी" असं पूर्ण लिहा.

पण "पित्त" हा शब्दही सरळ नाही. मराठी माणसाला पित्त म्हणजे आंबट ढेकर, मळमळ, डोकेदुखी. कुणाला अंगावर गांध्या उठल्या तरी "पित्त उठलं" म्हणतात. त्यामुळे पित्ताची पिशवी काढली की वर्षानुवर्षांचं पित्त जाईल, अशी समजूत अनेकांची होते. ऑपरेशननंतर ॲसिडिटी तशीच राहिली की "ऑपरेशन फसलं" म्हणतात. ही गैरसमजूत इंग्रजी फॉर्म लिहिणाऱ्याच्या डोक्यात येणंच शक्य नाही, कारण ती आपल्या भाषेतली आहे. म्हणून मराठी फॉर्ममध्ये एक वाक्य जास्तीचं घालावं लागतं.

आमच्या फॉर्मवर शेवटी नावाची जागा अशी झाली:

"या ऑपरेशनमध्ये खड्यांसकट पूर्ण पित्ताची पिशवी (पित्ताशय) काढून टाकतात. नुसते खडे काढत नाहीत, कारण पिशवी ठेवली तर तिच्यात पुन्हा खडे होतात. ही पिशवी लिव्हरच्या खाली असते. लिव्हर तयार करत असलेलं पित्त तिच्यात साठतं. पिशवी काढल्यावर पित्त थेट आतड्यात उतरतं, म्हणून तिच्याशिवाय जगता येतं. काही जणांना नंतर पातळ शौचाला होतं. तुम्हाला ॲसिडिटीचा त्रास असेल तर तो या ऑपरेशनने जाईलच असं नाही."

यकृत की लिव्हर यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. सातवीचा विद्यार्थी यकृत म्हणेल, त्याची आजी लिव्हर म्हणेल. सही आजी करणार आहे.

नावाच्याच ओळीत हाताने लिहिलेली अक्षरं असतात ती सोडू नका. "एस.ओ.एस. ओपन" असं शेवटी खरडलेलं असेल तर त्याचा अर्थ "गरज पडली तर पोट उघडून". म्हणजे त्या तीन अक्षरांत रुग्ण एका वेगळ्या, मोठ्या जखमेच्या ऑपरेशनलाही होकार देतोय. कोशात पाहून "मुक्त शस्त्रक्रियेत रूपांतर" वगैरे लिहिलंत तर कुणाला काही कळणार नाही. असं लिहा: "आत सूज किंवा चिकटलेपणा जास्त असेल, किंवा रक्तस्राव झाला, तर दुर्बिणीने पुढे जाणं सुरक्षित नसतं. अशा वेळी उजव्या बरगडीखाली मोठा छेद घेऊन ऑपरेशन पूर्ण करतात. तसं झालं तर मुक्काम आणि दुखणं दोन्ही वाढतं." हे ऑपरेशन फसल्याचं लक्षण नाही, सावधगिरीचा निर्णय आहे, हेही सर्जनच्या संमतीने एका वाक्यात घाला.

## ३. प्रत्येक धोका तीन तुकड्यांत सांगा

इंग्रजी फॉर्ममध्ये धोके स्वल्पविराम देऊन एका ओळीत बसवलेले असतात: रक्तस्राव, संसर्ग, पित्तगळती, नलिकेस इजा, हर्निया, मृत्यू. तसंच मराठीत उतरवलं तर ती यादी होते, समज येत नाही. प्रत्येकाचे तीन तुकडे करा: काय होतं, किती जणांना होतं, झालं तर पुढे काय करावं लागतं. तिसरा तुकडा मूळ फॉर्ममध्ये बहुधा नसतोच. तो सर्जनला विचारून घ्यावा लागतो, मनाने लिहू नये.

एक धोका पूर्ण करून दाखवते. मूळ इंग्रजी ओळीत चारच शब्द आहेत. माझं पहिलं भाषांतर होतं, "सामान्य पित्तनलिकेस दुखापत". इंग्रजी नावातल्या "कॉमन" शब्दाचा अर्थ मी "सामान्य" लावला. तो तिथे "सामायिक" अशा अर्थाने आहे: लिव्हरची नळी आणि पित्ताच्या पिशवीची नळी मिळून पुढे जी एकच नळी होते, ती. माझ्या भाषांतरात सगळ्यात गंभीर धोका "सामान्य" होऊन बसला. दुरुस्त केलेला मजकूर असा:

"पित्ताच्या मुख्य नळीला इजा: लिव्हरमधलं पित्त आतड्यापर्यंत नेणारी मुख्य नळी पित्ताच्या पिशवीला अगदी लागून असते. पिशवी सोडवताना ती कापली किंवा दुखावली जाऊ शकते. हे १००० पैकी साधारण १ ते ५ जणांच्या बाबतीत होतं. झालं तर पोटदुखी, ताप, कावीळ होते. तोंडातून दुर्बीण घालून नळीत स्टेंट बसवावा लागतो, किंवा दुसरं मोठं ऑपरेशन करून नळी आतड्याला जोडावी लागते."

आकड्यांबद्दल दोन गोष्टी. एक, "क्वचित" लिहू नका. डॉक्टरच्या तोंडी क्वचित म्हणजे हजारात काही जण, ऐकणाऱ्याच्या कानी क्वचित म्हणजे होतच नाही. दुसरी, सगळीकडे खालचा आकडा एकच ठेवा. एका ठिकाणी "२०० पैकी १" आणि दुसऱ्या ठिकाणी "५०० पैकी १" लिहिलं की पुष्कळांना पाचशेवाला धोका मोठा वाटतो. आम्ही सगळं "१००० पैकी" केलं. टक्के आणि दशांश चिन्ह तर नकोच. "०.३ टक्के" यातला ठिपका झेरॉक्समध्ये उडाला की झाले ३ टक्के. आकडे पुस्तकातले टाकण्यापेक्षा सर्जनकडून घ्या, कारण सुजलेल्या पित्ताशयाला, आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्याला ते वेगळे लागू होतात.

"होऊ शकतं" आणि "होतं" यांतला फरकही सांभाळा. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, हे प्रत्येकाच्या बाबतीत होतंच. त्यामुळे एकदोन दिवस खांदा दुखतो, हे बऱ्याच जणांना होतं. नळीला इजा होऊ शकते. हे तिन्ही "होण्याची शक्यता नाकारता येत नाही" या एकाच सरकारी साच्यात घातलं की खांदेदुखी आणि नळीची इजा एका मापाची वाटायला लागतात. आत्याला खांदा दुखायला लागला तेव्हा हार्ट अटॅक आला असं वाटून सगळं घर जागं झालं होतं. फॉर्ममध्ये ते होतं, पण यादीत अकराव्या क्रमांकावर.

शब्दांचं थोडक्यात: "गुंतागुंत" ऐवजी "काय बिघडू शकतं", "जंतुसंसर्ग" बरोबर "इन्फेक्शन, पू होणं", "निचरा नलिका" ऐवजी "पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी". मृत्यूचा उल्लेख असेल तर तो "दुर्दैवी घटना" करू नका. नातेवाईक म्हणतात, "ते गाळ, घाबरेल." गाळू नका. तो मूळ फॉर्ममध्ये आहे आणि सही त्याखालीही होणार आहे.

## ४. पर्यायांची रिकामी ओळ भरून घ्या

"मला पर्यायी उपचार समजावून सांगितले आहेत." बहुतेक फॉर्मवर पर्यायांबद्दल एवढंच असतं. याचं भाषांतर करून काय मिळणार? कोणते पर्याय, ते कुठेच नाही. ही ओळ घेऊन सर्जनकडे जा आणि विचारा, "या रुग्णासाठी काय काय लिहू?" आम्ही जे लिहिलं त्याचा गोषवारा असा:

काहीच न करता थांबणं. हा पहिला पर्याय आहे आणि तो लिहायचा राहतो. पोटदुखी वगैरे काही नसताना दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले असतील, तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, लक्ष ठेवतात. अशांपैकी वर्षाला १००० पैकी साधारण १० ते ४० जणांना त्रास सुरू होतो. पण एकदा दुखून गेलं असेल तर गोष्ट वेगळी. मग पुन्हा दुखण्याची, पिशवीला सूज येण्याची, खडा घसरून कावीळ होण्याची किंवा स्वादुपिंडाला सूज येण्याची शक्यता बरीच वाढते. तुमचा रुग्ण या दोन गटांपैकी कुठल्या, ते नाव घेऊन लिहा. आत्या दुसऱ्या गटातली होती.

औषधाने खडे विरघळवणं. गोळी आहे, पण ती लहान, कोलेस्टेरॉलच्या, चुना न बसलेल्या खड्यांवरच चालते. सहा महिने ते दोन वर्षं घ्यावी लागते आणि बंद केल्यावर पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना पुन्हा खडे होतात.

पोट उघडून ऑपरेशन. हे वर आलंच.

याशिवाय एक वाक्य आमच्या सर्जनबाईंनी आग्रहाने घालायला लावलं: "मूतखड्यासारखे हे खडे भरपूर पाणी पिऊन पडत नाहीत." ओपीडीत रोज कुणीतरी हे विचारतंच, म्हणाल्या.

## ५. "आवश्यक वाटेल ती कोणतीही शस्त्रक्रिया" ही ओळ

हे वाक्य जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर असतं: ऑपरेशनच्या दरम्यान डॉक्टरांना आवश्यक वाटेल ती अन्य प्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. भाषांतर करताना ते मऊ करू नका, कडकही करू नका. जसं आहे तसं सोपं लिहा, आणि रुग्णाच्या बाबतीत प्रत्यक्षात काय काय येऊ शकतं ते सर्जनला विचारून खाली लिहून घ्या. आमच्या फॉर्मवर दोनच गोष्टी आल्या: पोट उघडणं, आणि नळीत खडा आहे का हे पाहण्यासाठी रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढणं.

या ओळीचं महत्त्व कळायला समीरा कोहली खटला माहीत असावा. सर्वोच्च न्यायालयाने तो १६ जानेवारी २००८ रोजी निकाली काढला. ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीने दुर्बिणीने तपासणी करण्याच्या फॉर्मवर सही केली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि अंडाशय काढले. न्यायालयाने म्हटलं की तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि सज्ञान रुग्ण तात्पुरती बेशुद्ध आहे म्हणून आईची संमती चालत नाही. जीव वाचवायला किंवा तब्येतीचं मोठं नुकसान टाळायला थांबणं शक्यच नसेल, तेवढाच अपवाद.

यातून आणखी एक कळतं: सही रुग्णाची. मुलगा इंजिनिअर असला, इंग्रजी त्याला येत असलं, तरी शुद्धीत असलेल्या सज्ञान आईच्या जागी त्याची सही पुरत नाही. नातेवाइकाची सही साक्षीदाराच्या रकान्यात.

## ६. उलटं भाषांतर करून घ्या

इंग्रजी जाणणाऱ्या मित्राला तुमचा मराठी मजकूर द्या, मूळ फॉर्म दाखवू नका, आणि त्याला ते इंग्रजीत लिहायला सांगा. मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवा. माझ्या "सामान्य पित्तनलिके"ची चूक अशीच सापडली. भाच्याने त्याचं इंग्रजी केलं त्याचा अर्थ "साधी नळी" असा होत होता. तोपर्यंत मी तो मजकूर चार वेळा वाचला होता.

नंतर तो मजकूर सर्जनकडे न्या. त्यांनी वाचून प्रत्येक पानावर तारीख आणि सही करावी. भाषा तुमची असली तरी वैद्यकीय मजकुराची जबाबदारी त्यांची आहे, आणि हे न करता तुमचा कागद रुग्णाच्या हाती देऊ नका.

छपाईची एक कटकट सांगून ठेवते. दवाखान्याच्या संगणकावर जुना मराठी फाँट असेल तर तुमचा मजकूर उघडल्यावर जोडाक्षरं फुटतात, "शस्त्रक्रिया" ओळखू येत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ करून न्या, अक्षर किमान १४ पॉइंटचं ठेवा. चष्मा घरी विसरलेलाच असतो.

## ७. वाचून दाखवा, मग तिच्याकडून ऐका

"समजलं का?" असं विचारू नका. याचं उत्तर "हो" असंच येतं, विशेषतः डॉक्टर समोर असतील तर. त्याऐवजी मी हे विचारते:

- शेजारच्या काकूंनी विचारलं, कसलं ऑपरेशन, तर काय सांगाल?
- काय राहणार आणि काय जाणार?
- सगळ्यात मोठी काय भानगड होऊ शकते? झाली तर पुढे काय?
- ऑपरेशन नाही केलं तर काय होईल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "खडे काढणार" असं आलं तर पुन्हा दुसऱ्या पायरीवर या. माझ्या मावससासूबाईंनी तिसऱ्या प्रश्नाला "भूल उतरत नाही" असं उत्तर दिलं. भुलेचा फॉर्म वेगळा असतो, तो आम्ही केलाच नव्हता. त्या त्याच्याच भीतीत होत्या आणि बाकीचं काही ऐकतच नव्हत्या. भुलेच्या डॉक्टरांना फोन लावला, त्या दहा मिनिटं बोलल्या, आणि मग नळीपर्यंत पोचलो.

## ८. सही कुठल्या कागदावर

घरी केलेलं भाषांतर दवाखाना मूळ फॉर्मच्या जागी घेईलच असं नाही. बहुतेक ठिकाणी सही इंग्रजी फॉर्मवरच लागते. अशा वेळी मराठी प्रत त्याला जोडून द्या, दोन्हींवर एकच तारीख आणि रुग्णाची सही घ्या, आणि इंग्रजी फॉर्मवर हाताने एक ओळ लिहायला सांगा: "सोबतच्या मराठी प्रतीवरून समजून घेऊन सही केली." भाषांतरकाराचा किंवा दुभाषाचा रकाना असेल तर तिथे तुमचं नाव येतं. तुम्ही फक्त भाषा समजावली, वैद्यकीय सल्ला दिला नाही, हे तिथेच लिहा. अंगठा उठवणारे असतील तर साक्षीदार दवाखान्यातला नसलेला घ्या.

कोऱ्या जागा असलेल्या फॉर्मवर सही होऊ देऊ नका. सर्जनचं नाव, ऑपरेशनचं नाव, बाजू, तारीख, सगळं आधी भरलेलं असावं. दोन्ही कागदांचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवा.

हे सगळं ठरवून केलेल्या ऑपरेशनला लागू. पिशवी सुजून रात्री दोनला दाखल केलं असेल तर भाषांतराला वेळ नसतो. तेव्हा सर्जनला रुग्णासमोर उभं करा आणि तीनच गोष्टी मराठीत त्यांच्या तोंडून बोलवून घ्या: काय काढणार, सगळ्यात मोठं काय बिघडू शकतं, आणि आज नाही केलं तर काय. आत्या म्हणते, तिला एवढंच सांगितलं असतं तरी पुरलं असतं.